क्युसेकचे टीएमसी कसे होतात

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पुण्यातल्या बातम्यांत दोन आकडे हमखास शेजारीशेजारी येतात. खडकवासला धरणातून इतके हजार क्युसेक विसर्ग सुरू, आणि धरणसाखळीत इतके टीएमसी साठा. वाचणारा दोन्ही आकडे पाण्याचेच म्हणून एका दमात वाचतो आणि ‘वीस हजार क्युसेक पाणी सोडलं’ असं दुसऱ्याला सांगतो. पण वीस हजार क्युसेक हे पाणी किती, याचं उत्तर नाही; ते किती वेगाने जातंय, याचं उत्तर आहे. दर सेकंदाला एक घनफूट, म्हणजे साधारण २८ लिटर पाणी आलं किंवा गेलं की तो एक क्युसेक. टीएमसी मात्र साठा आहे: एक अब्ज घनफूट. वीस हजार क्युसेकने पाणी दहा मिनिटं सोडलं की दोन दिवस, हे कळल्याशिवाय किती पाणी गेलं ते सांगता येत नाही.

वेग एकसारखा असेल तर हिशेब तोंडी होतो. दिवसाचे सेकंद ८६,४००. एक अब्जाला त्याने भागलं की ११,५७४ येतात. म्हणजे ११,५७४ क्युसेकने पाणी चोवीस तास अखंड येत राहिलं, तर एक टीएमसी जमतं. अडचण एवढीच, की पावसाळ्यातली आवक चोवीस तास काय, एक ताससुद्धा एकसारखी राहत नाही. घाटमाथ्यावर जोराची सर आली की ओढे-नाले भरून पाणी जलाशयात उतरायला लागतं, आवक चढत जाते, सर ओसरल्यावर हळूहळू उतरते. अशा चढत्या-उतरत्या वेगाने सहा तासांत किती पाणी जमलं, हे काढायचं कसं?

खडकवासलाच डोळ्यांसमोर ठेवू. धरण लहान आहे, क्षमता १.९७ टीएमसी. वरच्या अंगाला आंबी नदीवर पानशेत, मोसे नदीवर वरसगाव आणि मुठेवर टेमघर. त्या धरणांतून सोडलेलं पाणी खडकवासल्यात येतं, शिवाय मधल्या डोंगरउतारांवरचा पाऊस. धरण लहान असल्यामुळे इथे तासांना महत्त्व आहे. आता एका रात्रीची आवक अशी धरू (हे आकडे कुठल्या नोंदवहीतले नाहीत, गणित सोपं व्हावं म्हणून मी मांडलेत): संध्याकाळी सहाला ४,००० क्युसेक, सातला ७,०००, आठला १२,०००, नऊला २०,०००, दहाला २६,०००, अकराला २४,००० आणि मध्यरात्री बाराला १८,०००.

पहिला मोह होतो तो सुरुवातीचा आणि शेवटचा आकडा घेऊन सरासरी काढण्याचा. ४ हजार आणि १८ हजार, सरासरी ११ हजार, गुणिले सहा तास. उत्तर ०.२४ टीएमसीच्या आसपास येतं. यात दहा वाजताच्या लोंढ्याचा पत्ताच नाही. उलट टोकाला सर्वांत मोठा आकडा, २६ हजार, धरून सहाने गुणलं तर ०.५६ टीएमसी. खरं उत्तर या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे, पण दोघांमधलं अंतर धरणाच्या एकूण क्षमतेच्या सहाव्या भागाइतकं आहे. दरवाजे किती उघडायचे हे ठरवणाऱ्याला एवढा संदिग्धपणा चालत नाही.

मग आलेखाचा कागद घ्यावा. आडव्या रेषेवर तास, उभ्या रेषेवर क्युसेक. सातही नोंदींचे ठिपके मांडून रेघेने जोडले की एक टेकडी दिसते. या कागदावरचा एक चौकोन एक तास रुंद आणि हजार क्युसेक उंच असेल, तर तो म्हणजे हजार क्युसेकने एक तास आलेलं पाणी. तासाचे ३,६०० सेकंद, म्हणून एक चौकोन ३६ लाख घनफुटांचा. टेकडीच्या पोटात असे किती चौकोन बसतात, तेवढं पाणी धरणात आलं. पाण्याचं आकारमान हे वेगाच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ असतं, एवढीच यातली कल्पना.

कल्पना जुनी आहे. बॅबिलोनी खगोलशास्त्रज्ञांनी ख्रिस्तपूर्व काळात मातीच्या पाट्यांवर गुरू ग्रहाच्या चालीचा हिशेब नेमका असाच मांडला होता: ग्रहाची रोजची चाल साठ दिवसांत कमी होत जाते, तेव्हा तो एकूण किती सरकला हे त्यांनी समलंब चौकोनाच्या क्षेत्रफळाने काढलं. त्या पाट्यांचा हा अर्थ मात्र २०१६ साली उलगडला.

आपली टेकडीही समलंब चौकोनांतच कापायची. सहा ते सात हा एक तुकडा: डावी भिंत ४ हजार, उजवी ७ हजार, वरचं छप्पर तिरकं. त्या तासाची सरासरी साडेपाच हजार, म्हणजे साडेपाच चौकोन. पुढचा तास ७ आणि १२ यांच्यामधला, साडेनऊ. मग १६, २३, २५ आणि शेवटचा तास २१. बेरीज बरोबर १००. शंभर चौकोन गुणिले ३६ लाख म्हणजे ३६ कोटी घनफूट, अर्थात ०.३६ टीएमसी. सहा तासांत खडकवासल्याच्या क्षमतेच्या अठरा टक्के पाणी.

इथे एक बारीक चूक फार जण करतात. सातही नोंदींची सरळ सरासरी काढून सहा तासांनी गुणतात. तसं केल्यास उत्तर सुमारे ०.३४ येतं, थोडं कमी. कारण सहाची आणि बाराची नोंद एकाच तासाच्या टोकाला असते, तर मधली प्रत्येक नोंद मागच्या-पुढच्या दोन तासांना लागते. म्हणून टोकाच्या नोंदी निम्म्याने धरायच्या. दुसरी चूक अधिक महाग पडते. तक्त्यातला आकडा ‘दहा वाजता असलेला वेग’ आहे की ‘नऊ ते दहा या तासाची सरासरी’, हे आधी विचारावं. सरासरी असेल तर निम्मं करायची गरजच नाही, सरळ बेरीज करायची. आमच्या उदाहरणात सातच्या नोंदीपासून बाराच्या नोंदीपर्यंत सहाही आकडे सरासरी समजून मिळवले तर १०७ चौकोन येतात, म्हणजे सात टक्के जास्त.

नोंदी किती वेळाने घ्याव्यात? सहा, नऊ आणि बारा एवढ्याच नोंदी असत्या तर उत्तर ९३ चौकोन आलं असतं. दर दोन तासांच्या नोंदींनी ९८. तासाच्या नोंदींनी १००. माथ्यावर टेकडी गोल असते आणि आपण तिला सरळ रेघेने कापतो, त्यामुळे माथ्याचा थोडा भाग सुटतो. पायथ्याशी उलटं होतं, रेघ जरा जास्त पाणी धरते. नोंदी जवळजवळ असल्या की दोन्ही चुका आपोआप लहान होतात. मात्र सव्वादहाला आवक २९ हजारांवर जाऊन परत आली असेल आणि कुणी पाहिलं नसेल, तर ते पाणी कुठल्याही सूत्राने परत मिळत नाही.

आतापर्यंत दरवाजे बंद धरले होते. समजा आठ वाजता दरवाजे उघडून १२ हजार क्युसेकचा विसर्ग सुरू केला आणि तो तसाच ठेवला. आठ ते बारा या चार तासांत ८५ चौकोन पाणी आलं, ४८ गेलं, ३७ धरणात राहिलं. आलेखावर १२ हजारांची आडवी रेघ मारली तर टेकडीचा रेघेवरचा भाग म्हणजे साठलेलं पाणी. यातून एक गोष्ट दिसते, जी नदीकाठच्या लोकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आवक दहा वाजता शिगेला पोहोचली आणि उतरू लागली, पण बारा वाजताही ती १८ हजार आहे, म्हणजे विसर्गापेक्षा जास्तच. धरणाची पातळी अजून चढतेच आहे. आवक उतरत विसर्गाच्या रेघेला छेदेल, तेव्हाच पातळी थांबेल. म्हणूनच पाऊस ओसरून काही तास झाल्यावरही विसर्ग वाढवल्याची बातमी येते, आणि भिडे पुलाजवळ राहणारा माणूस स्वच्छ आभाळाकडे बघून चक्रावतो.

आता ही आवक मोजतात कशी, ते पाहू. वरच्या धरणातून सोडलेलं पाणी दरवाज्यांच्या उघडीपवरून कळतं, पण डोंगरउतारांवरून शेकडो ओहोळांनी उतरणाऱ्या पाण्याला मीटर लावता येत नाही. त्यामुळे बहुतेक धरणांवर आवक मोजतच नाहीत, उलट्या बाजूने काढतात. मापनपट्टीवर पातळी वाचायची, त्या पातळीला किती साठा असतो हे धरणाच्या क्षमता तक्त्यात बघायचं, तासाभराने पुन्हा तेच, दोन साठ्यांच्या फरकात त्या तासाचा विसर्ग मिळवायचा आणि ३,६०० ने भागायचं. अशी निघालेली आवक ही तासाची सरासरी असते. वरची दुसरी चूक नेमकी इथेच होते.

या उलट्या वाटेवर पट्टीवरचा एक सेंटिमीटरही जड जातो. जलाशय दहा चौरस किलोमीटर पसरला असेल, तर एक सेंटिमीटर म्हणजे एक लाख घनमीटर, साधारण ३५ लाख घनफूट. वाऱ्याने लाट उठली आणि नऊची नोंद एक सेंटिमीटर जास्त लागली, तर आठ ते नऊची आवक सुमारे ९८० क्युसेक फुगते. कोयनेच्या शिवसागर जलाशयाचा पसारा पूर्ण भरल्यावर सुमारे ११५ चौरस किलोमीटर आहे. तिथे हाच सेंटिमीटर तासाच्या हिशेबात ११ हजार क्युसेकच्या वर जातो. उघडीप असताना कधी आवक उणे निघते, ती याच कारणाने, किंवा बाष्पीभवन येणाऱ्या पाण्यापेक्षा जास्त झाल्यामुळे.

गंमत अशी, की तासागणिक आवक अशी वेडीवाकडी उड्या मारत असली तरी तिची बेरीज शहाणी राहते. नऊची नोंद एक सेंटिमीटर चढी लागली तर आठ-नऊचा तास जितका फुगतो, तितकाच नऊ-दहाचा तास आटतो. दोन्ही मिळवले की चूक नाहीशी. सहा तासांच्या एकूण पाण्यात फक्त पहिल्या आणि शेवटच्या नोंदीची चूक उरते. म्हणून क्युसेकचा ताशी आकडा आणि दिवसभरात जमलेलं टीएमसी यांत मी तरी दुसऱ्यावर अधिक विश्वास ठेवतो.

मग ताशी नोंदी सोडून तीन-तीन तासांनीच आवक का काढू नये? तसं केलं तर एका सेंटिमीटरची चूक ९८० वरून ३३० क्युसेकच्या आत येते आणि आलेख गुळगुळीत होतो. पण आपल्या उदाहरणात नऊ ते बाराची सरासरी २३ हजार निघाली असती आणि दहाचा २६ हजारांचा माथा कागदावर कुठेच दिसला नसता. संथ दिवसांत लांब अंतराच्या नोंदी पुरतात. घाटमाथ्यावर जोर धरला की ताशी, कधी अर्ध्या तासाच्याही नोंदी घ्याव्या लागतात, त्यातल्या लाटांच्या चुका पत्करून.