फुटलेल्या अक्षराची सिद्धता

शाळेच्या गणितात ‘संवृतता’ भेटते. दोन पूर्णांकांची बेरीज पूर्णांकच येते, म्हणून पूर्णांक बेरजेसाठी संवृत. ३ ला २ ने भागलं की उत्तर पूर्णांकांबाहेर जातं, म्हणून भागाकारासाठी नाहीत. हाच प्रश्न भाषांच्या कुळांनाही विचारता येतो. इथे भाषा म्हणजे ठरावीक अक्षरांपासून बनलेल्या शब्दांचा संच, आणि कुळ म्हणजे संदर्भमुक्त भाषा. नोम चॉम्स्की यांनी १९५६ मध्ये मांडलेल्या वर्गीकरणातून ही कल्पना पुढे आली. अशा भाषेचं व्याकरण साध्या नियमांचं असतं: डावीकडे एकच चिन्ह, उजवीकडे त्याच्या जागी काय ठेवायचं ते. आजूबाजूला काय आहे हे नियम पाहत नाही, म्हणून ती संदर्भमुक्त.

आता प्रत्येक अक्षराच्या जागी दुसरं काही ठेवलं तर भाषा याच कुळात राहते का? सर्वांत मोकळा प्रकार म्हणजे प्रतिस्थापन: प्रत्येक अक्षराला एक अख्खी संदर्भमुक्त भाषा नेमून द्यायची, आणि ते अक्षर जिथे येईल तिथे त्या भाषेतला कोणताही शब्द ठेवायचा. समजा मूळ भाषेत काही `a` आणि त्यांच्यामागे तितकेच `b` येतात. `a` च्या जागी काही `x` आणि तितकेच `y` असलेला शब्द ठेवायचा, `b` च्या जागी एक किंवा दोन `z`. सिद्धता अशी, की मूळ व्याकरणात `a` दिसेल तिथे त्याच्या भाषेच्या व्याकरणाचं आरंभचिन्ह लिहायचं, `b` चंही तसंच, आणि सगळे नियम एकत्र करायचे:

```
S -> A S B | A B
A -> x A y | x y
B -> z | z z
```

यातून `aabb` चा एक अवतार `xyxxyyzzz` निघतो. दोन्ही `a` ना वेगवेगळे शब्द मिळाले, आणि प्रतिस्थापनात तशी मुभा आहे. मूळ शब्दाच्या रचनेचं झाड काढलं, तर त्याच्या प्रत्येक पानाला नवं छोटं झाड टांगलं जातं. उलट नव्या व्याकरणाचं कोणतंही झाड घेतलं आणि ज्या `A`, `B` च्या वर दुसरा `A` किंवा `B` नाही तिथे ते छाटलं, की वर मूळ शब्दाचं झाड उरतं. दोन्ही दिशा जमल्या, सिद्धता संपली.

चूक होते ती नावांमध्ये. `a` च्या भाषेचं व्याकरण लिहिणाऱ्यानेही आरंभचिन्हाला `S` म्हटलं असेल आणि नाव न बदलता नियम मिसळले, तर `S -> x y` हा नियम थेट सुरुवातीलाच वापरता येतो. मग एकही `z` नसलेला `xy` हा शब्द तयार होतो, जो खऱ्या भाषेत नाही. म्हणून एकत्र करण्याआधी व्याकरणांमधली चिन्हं वेगवेगळी करणं हा सिद्धतेचाच भाग आहे.

होमोमॉर्फिझम हे याचंच आवळलेलं रूप. इथे प्रत्येक अक्षराला भाषा नव्हे, एकच ठरलेला शब्द मिळतो. एका शब्दाची भाषाही संदर्भमुक्तच असते, त्यामुळे वरची सिद्धता जशीच्या तशी लागू होते. एखाद्या अक्षराला रिकामा शब्द दिला, म्हणजे ते पुसूनच टाकलं, तरीही बिघडत नाही.

खरी गंमत उलट दिशेला आहे, आणि मला या विषयात सर्वांत जास्त आवडते ती हीच सिद्धता. कंसांची भाषा घ्या: प्रत्येक उघडलेला कंस योग्य जागी बंद होतो अशा शब्दांची. आता तीन नवी अक्षरं, आणि `h` हा होमोमॉर्फिझम:

```
h(p) = (     h(q) = )(     h(r) = )
```

उलटा होमोमॉर्फिझम विचारतो, की `p`, `q`, `r` चे कोणते शब्द `h` लावल्यावर बरोबर जुळलेले कंस देतात? `pqr` देतो, कारण त्याचं `()()` होतं.

पहिल्याच युक्तीने व्याकरण उलटं वाचायला गेलं की काम अडतं. `()()` च्या झाडाला शेजारी शेजारी दोन फांद्या असतात, प्रत्येकीवर एक जोडी. `q` मधला बंद होणारा कंस पहिल्या फांदीवर आहे आणि उघडणारा दुसऱ्या. एकच अक्षर दोन फांद्यांमध्ये फुटलं, आता झाडावर ते टांगायचं कुठे? व्याकरण शब्दाकडे वरून, फांद्याफांद्यांनी पाहतं; इथे गरज आहे ती डावीकडून उजवीकडे वाचत जाणाऱ्याची.

असा वाचक म्हणजे पुशडाउन ऑटोमेटन. त्याच्याकडे मोजक्याच अवस्था असतात आणि स्मृतीसाठी ताटांच्या चळतीसारखा एक स्टॅक, ज्याला फक्त वरून हात लावता येतो. संदर्भमुक्त भाषा म्हणजे नेमक्या अशा यंत्राला ओळखता येणाऱ्या भाषा, त्यामुळे व्याकरण सोडून यंत्राकडे वळायला आपण मोकळे आहोत. कंस ओळखणारं यंत्र उघडणाऱ्या कंसाला एक ताट ठेवतं, बंद होणाऱ्याला एक उचलतं, आणि चळत रिकामी दिसली की वाटल्यास स्वीकाराच्या अवस्थेत जातं. मोजणीची एक आणि स्वीकाराची एक, अशा दोनच अवस्था.

नवं यंत्र या जुन्या यंत्राला पोटात ठेवतं आणि त्याच्यासमोर एक छोटा बफर मांडतं. बफर रिकामा असेल तर बाहेरून एक अक्षर वाचायचं आणि त्याची `h` ची किंमत बफरमध्ये भरायची. बफरमध्ये काही असेल तर जुन्या यंत्राला त्यातलं पहिलं चिन्ह भरवायचं, जणू तेच त्याचं इनपुट आहे. जुन्या यंत्राला काहीही न वाचता पाऊल टाकायचं असेल, तर बफरला धक्का न लावता टाकू द्यायचं. `q` फुटण्याची अडचण इथे उरत नाही, कारण त्याचे दोन कंस एकामागून एक जातात आणि स्टॅक मधल्या मध्ये जसाच्या तसा राहतो.

पण हा बफर म्हणजे दुसरा स्टॅकच झाला, अशी शंका यायला हवी. दोन स्टॅक मिळाले तर यंत्र ट्यूरिंग यंत्राच्या ताकदीचं होतं आणि सिद्धता कोसळते. तसं होत नाही, कारण बफरमध्ये फक्त `h` च्या ठरलेल्या शब्दांची शेपटं येऊ शकतात. आपल्या उदाहरणात ती चारच: रिकामं, `(`, `)` आणि `)(`. जुनी अवस्था आणि बफर यांची जोडी हीच नवी अवस्था मानली, की २ गुणिले ४, फार तर ८ अवस्था लागतात. स्टॅक एकच राहतो.

शेवटची अट सहज निसटते: स्वीकारताना जुनं यंत्र स्वीकाराच्या अवस्थेत हवं आणि बफरही रिकामा हवा. `pq` देऊन पाहा. त्याचं `()(` होतं, म्हणजे शब्द चुकीचा. पण पहिले दोन कंस गेल्यावर चळत रिकामी असते, यंत्र स्वीकाराच्या अवस्थेत जाऊ शकतं, आणि बाहेरचं इनपुटही संपलेलं असतं. न वाचलेला `(` फक्त बफरमध्ये पडून आहे. बफर तपासला नाही तर `pq` आत शिरतो.

जाणं-येणं म्हणजे पूर्ववत होणं, असं मात्र समजू नये. `a` आणि `b` दोन्हींना `0` नेमला, तर समान संख्येने `a` मग `b` असलेली भाषा सम लांबीच्या शून्यांची होते. उलट फिरलं तर `a`, `b` चे सम लांबीचे सगळेच शब्द हाती येतात, `ba` सुद्धा. तसंच प्रतिमा संदर्भमुक्त निघाली म्हणून मूळ भाषा तशी ठरत नाही. समान संख्येने `a`, `b`, `c` क्रमाने येणारी भाषा या कुळात नाही, पण तिन्हींना `0` दिला की उरतात तीनच्या पटीतली शून्यं, आणि ती अगदी साधी भाषा आहे.

दोन सिद्धतांमधला फरक नियत यंत्रांच्या बाबतीत उघड होतो, म्हणजे ज्यांना कुठेही दोन वाटांमधून निवड करावी लागत नाही अशा यंत्रांच्या. बफरची बांधणी नवी निवड निर्माण करत नाही, म्हणून नियत संदर्भमुक्त भाषा उलट्या होमोमॉर्फिझमसाठी संवृत राहतात. सरळ होमोमॉर्फिझमसाठी मात्र राहत नाहीत. समजा `c` ने सुरू होणाऱ्या शब्दांत `a` इतकेच `b` येतात आणि `d` ने सुरू होणाऱ्यांत दुप्पट. पहिलं अक्षर वाचताच यंत्राला कळतं, पुढे कसं मोजायचं. होमोमॉर्फिझमने `c` आणि `d` पुसून टाका. भाषा संदर्भमुक्तच राहते, पण कोणतीही मोजणी धरायची हे सांगणारं अक्षर गेलेलं असतं, आणि कोणतंही नियत यंत्र ती ओळखू शकत नाही.