आई जाते, आई येते

तीन वर्षांच्या मुलाला ‘बारा वाजता न्यायला येते’ असं सांगणं म्हणजे काहीच न सांगण्यासारखं आहे. त्याच्याकडे बारा नसतात. त्याचा दिवस घड्याळावर चालत नाही, तो एकामागून एक घडणाऱ्या गोष्टींवर चालतो: दूध झालं की अंघोळ, जेवण झालं की झोप. बालवाडीच्या दारात आईचा हात सुटतो तेव्हा ‘आता पुढे काय’ हे त्याला ठाऊक नसतं आणि रडू त्यातूनच येतं. शाळेच्या पहिल्या दिवसाची गोष्ट त्याला नेमकं हेच पुरवते. शाळेतला दिवस ओळीने मांडते आणि धरून ठेवायला एक पालुपद देते.

पालुपदाची गोडी आपल्या मुलांना नवी नाही. चिमणी-कावळ्याच्या गोष्टीत कावळा पुन्हापुन्हा दार ठोठावतो आणि चिमणीचं उत्तर दर वेळी त्याच साच्यात येतं. मूल त्या उत्तराची वाट बघत बसतं, कारण पुढचं वाक्य आपल्याला येतं याचा त्याला आनंद असतो. नव्या जागी जिथे काहीच ओळखीचं नाही, तिथे ही एक ओळखीची ओळ मोठा आधार होते.

एक छोटी गोष्ट रचून पाहू.

मनू शाळेत आली. दारात आईने तिच्या खिशात आपला रुमाल ठेवला आणि म्हणाली, ‘आई जाते, आई येते, घंटा झाली की घरी नेते.’ मनूने चपला काढल्या. बाईंनी ठोकळे दिले. मनूने उंच मनोरा केला, तो धाडकन पडला आणि मनूला रडू आलं. बाई जवळ बसल्या. म्हणाल्या, ‘आईची आठवण आली ना? आई जाते, आई येते, घंटा झाली की घरी नेते.’ मग सगळ्यांनी हात धुतले, डबे उघडले. मनूच्या डब्यात पोळीचा लाडू होता. लाडू खाता खाता तिने खिशातला रुमाल चाचपला आणि हळूच पुटपुटली, ‘आई जाते, आई येते…’ शेजारचा गोट्या मुसमुसत होता. मनूने त्याला लाडवाचा तुकडा दिला आणि सांगितलं, ‘अरे, आई जाते, आई येते, घंटा झाली की घरी नेते!’ मग गाणी झाली. मग टण टण टण! दारात कोण? आई!

इथे ओळ बदलत नाही, बोलणारं माणूस बदलतं. आधी आई, मग बाई, मग मनू स्वतःशी आणि शेवटी मनू दुसऱ्याला. आईच्या तोंडचा धीर मुलाच्या तोंडी येईपर्यंतचा हा प्रवास म्हणजेच ही गोष्ट. सांगताना तिसऱ्या वेळेपासून शेवटचा शब्द सोडून थांबावं. ‘घंटा झाली की घरी…’ एवढ्यावर कुणीतरी ‘नेते!’ म्हणतंच. ते आलं की समजावं, ओळ मुलांची झाली.

पालुपदाला एकच कडक अट आहे: ते खरं असलं पाहिजे. न्यायला आजोबा येणार असतील तर गोष्टीतही ‘आजोबा येतात’ असंच हवं. ‘मी इथेच बाहेर बसलेय’ असं सांगून आई कामावर गेली आणि मुलाने खिडकीतून रिकामा कट्टा पाहिला, तर त्या ओळीवरचा त्याचा विश्वास उडतो. ‘लवकर येते’ हेही नको, कारण लवकर म्हणजे किती ते त्याला कळत नाही. घंटा मात्र ऐकू येते. म्हणून मुलाची नजर चुकवून निसटू नये. ओळ म्हणावी, हात हलवावा आणि निघावं. घंटेच्या वेळी दारात हजर असावं. पहिल्या आठवड्यात तर नक्कीच.

दुसरी चूक म्हणजे गोष्टीतून रडू वगळणं. ‘शहाणी मुलं रडत नाहीत’ असं ऐकलेलं मूल रडतंच, वर आपण शहाणे नाही असंही समजतं. मनू रडते आणि कुणी तिला रागवत नाही, हे ऐकणाऱ्याला कळायला हवं.

गोष्ट ऐकवली म्हणून दुसऱ्या दिवशी रडू थांबेल असं नाही. ती शाळा सुरू होण्याच्या आठवडाभर आधीपासून रोज रात्री, त्याच शब्दांत सांगावी. मूल घरी बाहुलीला शाळेत बसवून तीच ओळ म्हणू लागलं, तर गोष्ट रुजली. काही आठवडे उलटूनही मूल शाळेत डबा खात नसेल, कुणाजवळच शांत होत नसेल, तर गोष्ट बाजूला ठेवून बाईंशी बोलावं.

आणि घंटेला पोचायला उशीर होणार असेल, तर शाळेत फोन करा. बाईंनी मुलाला खरं कारण सांगितलं, तर दुसऱ्या दिवशी ती ओळ पुन्हा म्हणता येते.