परदेशाची कागदपत्रे, भाग ५ : शिक्का वाचायचा कसा, नाव लिहायचे कसे

मागच्या भागात दाखल्याची नवी प्रत कशी काढायची ते पाहिले. आता ती प्रत इंग्रजीत नेऊ. उदाहरणापुरते एक जोडपे धरू. २०१४ साली बेसा ग्रामपंचायतीत लग्नाची नोंद झाली. नवरा आता अमेरिकेचा नागरिक आहे आणि बायकोसाठी तिथल्या इमिग्रेशन खात्याकडे अर्ज भरतो आहे. विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र मात्र पूर्ण मराठीत आहे.

पहिला प्रश्न असा, की हे भाषांतर 'प्रमाणित' करतो कोण? काही देशांत सरकारने शपथ देऊन नेमलेले भाषांतरकार असतात. भारतात तशी व्यवस्था नाही, आणि या अर्जाला तिची गरजही नाही. अमेरिकी नियमाला दोन गोष्टी लागतात : भाषांतर पूर्ण व अचूक असल्याचे भाषांतरकाराने लिहून द्यायचे आणि मराठीतून इंग्रजीत भाषांतर करण्याची आपली पात्रता आहे, हेही लिहून द्यायचे. त्याखाली सही, पूर्ण नाव, पत्ता आणि तारीख. नोटरीचा शिक्का तिथे मागितलेला नाही. तसेही नोटरी फक्त सही कोणाची ते सांगतो, भाषांतर बरोबर आहे की नाही ते तो पाहत नाही. कॅनडाचा नियम वेगळा आहे. तिथे भाषांतरकार मान्यताप्राप्त नसेल तर प्रतिज्ञापत्र लागते, आणि अर्जदाराने किंवा त्याच्या घरच्यांनी केलेले भाषांतर चालत नाही. म्हणून आधी देश विचारायचा, मग कामाला बसायचे.

'पूर्ण' या अटीत बरीच भाषांतरे नापास होतात. लोक मधला मजकूर इंग्रजीत आणतात आणि कडेचे सगळे सोडून देतात. आपल्या प्रमाणपत्रावर खाली डावीकडे गोल शिक्का आहे : कडेने 'ग्रामपंचायत कार्यालय बेसा', मध्ये पंचायत समिती आणि जिल्हा नागपूर. उजवीकडे सही आणि सहीखाली आडवा शिक्का, त्यात विवाह निबंधक आणि ग्रामसेवक. वर कोपऱ्यात हाताने लिहिलेला जावक क्रमांक. हे सगळे भाषांतरात आले पाहिजे, आणि तेही मूळ कागदावर जिथे आहे त्याच जागी, चौकटी कंसात. कंसात आधी वस्तू कोणती ते लिहायचे (गोल शिक्का, आडवा शिक्का, सही, हस्ताक्षरातली नोंद) आणि मग तिच्यातला मजकूर. सही वाचता येत नसेल तर 'सही, अवाच्य' एवढेच. शिक्क्याची शाई फिकट असून अर्धाच वाचता येत असेल, तर वाचता येते तेवढे द्यायचे आणि उरलेले अवाच्य म्हणायचे. तिथे काय असणार हे आपल्याला पक्के ठाऊक असले तरी ते भरायचे नाही. रिकामा रकाना 'रिकामा' म्हणून दाखवायचा आणि कागदाची मागची बाजूही तपासायची.

बेशाच्या बाबतीत एक मोह होतो. आज तिथे बेसा-पिपळा नगरपंचायत आहे, म्हणून काही जण शिक्क्यातली 'ग्रामपंचायत' सरळ नगरपंचायत करून टाकतात. तसे केले की भाषांतर मूळ कागदाशी जुळत नाही आणि तपासणाऱ्याला खोट दिसते. नोंद झाली तेव्हाचे कार्यालय, तेव्हाचे पद, जसे छापले तसेच. 'ग्रामसेवक' हा शब्दही रोमन लिपीत तसाच ठेवून शेजारी पदाचा अर्थ थोडक्यात द्यावा. उगाच मोठे इंग्रजी पदनाम चिकटवू नये.

जन्मदाखल्यात याच जातीची चूक 'शेरा' रकान्यात होते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १५ प्रमाणे नोंदीतली चूक दुरुस्त करताना मूळ नोंद खोडत नाहीत. समासात दुरुस्ती लिहून निबंधक सही व तारीख घालतो. हा शेरा दाखल्यावर उतरला असेल आणि भाषांतरात राहिला, तर दुरुस्त झालेले नाव कुठून आले तेच कळत नाही.

तारखा देवनागरी अंकांत असतात. इंग्रजीवर नजर बसलेल्या माणसाला घाईत १ हा 9 वाटतो आणि ४ हा 8. तारीख अक्षरीही दिली असेल तर तिच्याशी ताडून पाहावी. महिना नेहमी अक्षरांत लिहावा. लग्नाची तारीख ४/५/२०१४ अशी अंकांतच ठेवली, तर अमेरिकन माणूस ती ५ एप्रिल वाचेल. शिवाय लग्नाची तारीख आणि नोंदणीची तारीख वेगवेगळ्या असतात, त्या एकमेकींच्या जागी जाऊ देऊ नयेत.

आता नावे. वधूच्या वडिलांचे नाव प्रमाणपत्रात 'ज्ञानेश्वर' आहे आणि तिच्या पासपोर्टवर Gyaneshwar. मराठी वळणाने Dnyaneshwar लिहिले असते, पण नागपुरात हिंदीचा शेजार असल्याने दोन्ही रूपे चालतात. इथे भाषांतरकाराने पासपोर्ट पाहावा, त्यातलेच स्पेलिंग घ्यावे आणि शेवटी टीप द्यावी की नावांची स्पेलिंगे पासपोर्टप्रमाणे घेतली आहेत.

वराच्या आडनावापाशी मात्र थांबावे लागते. प्रमाणपत्रात 'वानखेडे' आहे आणि पासपोर्टवर Wankhade. वरवर पाहता एका अक्षराचा फरक, पण विदर्भात वानखेडे आणि वानखडे ही दोन वेगळी आडनावे आहेत. माझी कसोटी साधी आहे : पासपोर्टवरचे स्पेलिंग मराठी माणसाला वाचायला द्यायचे. ते वाचताना प्रमाणपत्रातलाच शब्द उमटला, तर स्पेलिंग घेता येते. Wankhede आणि Vankhede दोन्हींतून 'वानखेडे' उमटते, म्हणून त्यांतले पासपोर्टवरचे घ्यावे. Wankhade मधून 'वानखडे' उमटते, म्हणून ते घेता येत नाही. भाषांतरात Wankhede हेच जाईल आणि टिपेत लिहिले जाईल की पासपोर्टवर Wankhade आहे. ग्राहक कितीही म्हणाला, 'एकच अक्षर आहे, करून टाका ना भाऊ,' तरी ते काम भाषांतरकाराचे नाही. ज्या कागदात चूक आहे तो कागद त्याच्या कार्यालयातून दुरुस्त करून घ्यायचा, आणि तेवढा वेळ नसेल तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र आणि दोन्ही रूपे जोडणारा शाळेच्या दाखल्यासारखा जुना पुरावा अर्जासोबत लावायचा. तो पुरावा मानायचा की नाही, हे तपासणारा अधिकारी ठरवतो.

हीच कसोटी 'राव' आणि 'बाई'लाही लावावी. वडिलांचे नाव 'मधुकरराव' लिहिले असेल आणि बाकी कागदांवर Madhukar असेल, तरी 'राव' गाळता येत नाही. भाषांतरात Madhukarrao येईल, आणि 'राव' हा आदरार्थी जोड आहे हे टिपेत. वधूचे नाव प्रमाणपत्रात माहेरचे असेल तर माहेरचेच राहील. लग्नानंतरचे नाव पासपोर्टवर असले तरी ते इथे आणायचे नाही, कारण नाव बदलल्याचा पुरावा म्हणून हेच प्रमाणपत्र दाखवायचे असते.

सही करण्याआधी मूळ कागद आणि भाषांतर शेजारी ठेवून दुसऱ्याकडून एकदा मोठ्याने वाचून घ्या, तेही अंकांपासून : खंड क्रमांक, अनुक्रमांक, तारखा, मग नावे. अर्जाला मूळ मराठी कागदाची स्वच्छ प्रत भाषांतरासोबत जोडावीच लागते, एकटे भाषांतर पुरत नाही.

पुढच्या भागात : अपोस्टिल कोणत्या कागदावर लागते आणि कुठे त्याची गरज नसते.