करारावरची ब्रॉयलर कोंबडी : बॅचचे बिल कसे वाचावे

करार पद्धतीच्या ब्रॉयलर पालनात पक्षी कंपनीचे असतात आणि शेड शेतकऱ्याचे. एक दिवसाची पिल्ले, खाद्य, लस आणि औषधे कंपनी पुरवते, तिचा सुपरवायझर फेरी मारून सल्ला देतो आणि सुमारे ४० दिवसांनी कंपनीच पक्षी उचलून विकते. बाजारात कोंबडीचा भाव कोसळला तर तो तोटा मुख्यतः कंपनीचा. शेतकऱ्याला मिळते ती किलोमागे संगोपनाची मजुरी, म्हणजे ग्रोइंग चार्ज.

शेतकऱ्याच्या वाट्याला शेड, खाद्याची व पाण्याची भांडी, वीज, पाणी, मजूर, जमिनीवर अंथरायचे भाताचे तूस आणि पहिल्या दिवसांत पिल्लांना ऊब देण्यासाठी कोळसा किंवा गॅस एवढे सगळे येते. पक्ष्यामागे साधारण एक चौरस फूट जागा धरली तर ५,००० पक्ष्यांना ५,००० चौरस फुटांचे शेड लागते. ते बहुधा कर्जातून उभे राहते, आणि त्याचा हप्ता कंपनीच्या बिलात कुठेच दिसत नाही.

बॅच संपल्यावर येणाऱ्या बिलात पिल्ले आणि खाद्य यांच्यापुढे रुपये लिहिलेले असतात. ते शेतकऱ्याने भरायचे नसतात. हे करारात ठरलेले कागदी दर असतात आणि त्यांवरून पक्ष्याचा किलोमागे उत्पादन खर्च काढला जातो. हा खर्च कंपनीच्या मानकापेक्षा कमी आला तर बक्षीस मिळते, जास्त आला तर मजुरीतून कपात होते. सगळे बिल या एका आकड्याभोवती फिरते.

हिशेब समजण्यासाठी सोयीचे दर धरू. प्रत्येक करारात ते वेगळे असतात. ५,००० पिल्ले आली, २४० मेली, १० हिशेबात कमी भरली आणि ४,७५० विकली गेली. सरासरी वजन २.२ किलो, म्हणजे एकूण १०,४५० किलो. खाद्याची ५० किलोची ३५० पोती आली आणि ५ परत गेली. खपले १७,२५० किलो. याला विकलेल्या वजनाने भागले की १.६५ येते. हाच एफसीआर : एक किलो कोंबडी तयार व्हायला लागलेले खाद्य.

पिल्लू ४० रुपये धरले तर २,००,००० रुपये, खाद्य किलोला ४० रुपयांनी ६,९०,००० रुपये, औषधे २०,००० आणि कंपनीचा देखरेख खर्च २५,०००. एकूण ९,३५,००० रुपये, म्हणजे किलोला ८९ रुपये ४७ पैसे. मानक ९१ रुपये असेल तर बचत १५,९५० रुपयांची होते. करारानुसार निम्मी शेतकऱ्याची असेल, तर ८ रुपये मूळ दराचे ८३,६०० आणि बक्षिसाचे ७,९७५ मिळून ९१,५७५ रुपये होतात. त्यातून कमी भरलेल्या १० पक्ष्यांचे, बाजारभाव १०० रुपये किलो धरून, २,२०० रुपये आणि १ टक्का टीडीएसचे ९१६ रुपये जातात. हातात ८८,४५९ येतात. मजूर, तूस, वीज, कोळसा आणि निर्जंतुकीकरण यांवर ४४,००० गेले असतील, तर उरलेल्या ४४,४५९ रुपयांत कर्जाचा हप्ता, शेडची झीज आणि घरच्या माणसांची मेहनत बसवायची असते. तुसाचे खत विकून थोडा आधार होतो.

आता परत गेलेली ती ५ पोती बिलात नोंदवायची राहिली असे समजा. खाद्याचा खर्च १०,००० रुपयांनी फुगतो आणि बक्षिसातले ५,००० रुपये जातात. म्हणून खाद्य आले किंवा दुसऱ्या शेडकडे गेले, की पोती मोजून चलनावर सही घ्यावी आणि आपली प्रत जपून ठेवावी. बिलातली पोती आधी या चलनांशी ताडून पाहावी, मग बाकीचे आकडे. पिल्ले उतरतानाही काही खोकी उघडून मोजावीत. तेव्हाची तूट नोंदली नाही तर ती शेवटी ‘कमी पक्षी’ म्हणून शेतकऱ्याच्या माथी येते.

मरीचा आकडा टक्क्यात वाचून भागत नाही. तिसऱ्या दिवशी मेलेल्या पिल्लाने जेमतेम काही ग्रॅम खाल्लेले असते, पण पस्तिसाव्या दिवशी मेलेला पक्षी सुमारे तीन किलो खाद्य खाऊन जातो आणि विक्रीच्या वजनात शून्य राहतो. मर तेवढीच, पण ती उशिराची असली की एफसीआर बिघडतो. रोजची मर तारखेनिशी लिहून ठेवली तर दोष कुठे होता ते दिसते : पहिल्या आठवड्यात मर जास्त असेल तर पिल्लांची प्रत किंवा ऊब तपासावी, शेवटी वाढली तर उष्णता किंवा आजार.

उचल लांबली तरी हाच आकडा हलतो. पक्षी जसा मोठा होतो तसे पुढच्या प्रत्येक किलोला त्याला जास्त खाद्य लागते, आणि शेड अडकून वर्षातली एखादी बॅचही कमी होते. ठरलेल्या वयापुढे उचल झाली तर भरपाई किंवा वजनानुसार मानकात सवलत मिळेल का, हे करारावर सही करण्यापूर्वीच लेखी विचारायला हवे. उचलीच्या वेळी क्रेटचे रिकामे वजन वजा होते की नाही ते पाहावे आणि काट्यावरचा प्रत्येक आकडा स्वतःच्या वहीत उतरवावा. बिलातले १०,४५० किलो याच वहीवरून पडताळता येतात.