मनोऱ्यावर अजून एएम का?

२७ मार्च १९७७. कॅनरी बेटांतल्या तेनेरिफच्या विमानतळावर धुक्यामुळे काही दिसत नव्हतं. केएलएमचं जम्बो विमान उड्डाणासाठी धावू लागलं होतं आणि त्याच धावपट्टीवर पॅन अ‍ॅमचं जम्बो अजून बाहेर पडायचं होतं. मनोऱ्यातला नियंत्रक ‘थांबा, मी कळवतो’ असं सांगत असतानाच पॅन अ‍ॅमचा वैमानिक ‘आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत’ असं बोलला. दोघांची बटणं एकाच वेळी दाबली गेली. केएलएमच्या कॉकपिटमध्ये दोन्ही वाक्यं पोचली नाहीत. आली ती काही सेकंदांची कर्कश शिट्टी. टकरीत ५८३ माणसं गेली.

ती शिट्टी एएमची होती. एएममध्ये वाहक लहरीची कंपनसंख्या ठरलेली असते आणि आवाजाच्या चढउताराप्रमाणे लहरीची उंची कमीजास्त होते. दोन प्रक्षेपक १२० मेगाहर्ट्झवर लावले, तरी त्यांच्यात बारीक फरक राहतोच. तो ७०० हर्ट्झचा असेल, तर रिसीव्हरमध्ये दोन्ही लहरी मिसळून ७०० हर्ट्झचा सूर ऐकू येतो. शब्द बुडतात, पण दोघं एकदम बोलले एवढं कळतं आणि ‘पुन्हा सांगा’ म्हणता येतं. त्या दिवशी तसं कोणी म्हटलं नाही.

एवढ्या मोठ्या दुर्घटनेनंतरही मुंबईसह जगभरच्या प्रवासी विमानांचं मनोऱ्याशी तोंडी बोलणं, ११८ ते १३७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, अजून एएमवरच चालतं. सगळ्या देशांची यंत्रणा एकदम बदलणं अवघड, हे एक कारण. दुसरं कारण एफएमच्या स्वभावात आहे.

एफएममध्ये लहरीची उंची कायम राहते आणि आवाजाप्रमाणे कंपनसंख्या सरकते. १०० मेगाहर्ट्झच्या संगीतकेंद्राची लहर जास्तीत जास्त ७५ किलोहर्ट्झ इकडे आणि तेवढीच तिकडे जाते. विजेची ठिणगी मुख्यतः लहरीच्या उंचीत गडबड करते. म्हणून पावसाळ्यात ५५८ किलोहर्ट्झवर, मीडियम वेव्हवर, आकाशवाणीची अस्मिता वाहिनी लावली की वीज चमकताच खरखर होते. एफएमचा रिसीव्हर मात्र उंचीतले चढउतार छाटून टाकतो आणि फक्त कंपनसंख्या वाचतो. एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकी अभियंत्याला १९३३ साली याच रुंद एफएमचे पेटंट मिळाले. किंमत म्हणून जागा जास्त लागते. मुंबईतली ९१.१, ९१.९, ९२.७, ९३.५ ही केंद्रं एकमेकांपासून ०.८ मेगाहर्ट्झ दूर ठेवली आहेत, ती उगीच नव्हे.

आता या स्वभावाची दुसरी बाजू. एकाच कंपनसंख्येवर दोन एफएम लहरी आल्या, की रिसीव्हर जोरदार लहर पकडतो आणि दुबळी जवळजवळ पुसून टाकतो. मुंबई आणि पुणे, दोन्हीकडे ९८.३ वर केंद्र आहे. घाटातून जाणाऱ्या गाडीत एका शहराचं गाणं मध्येच तुटून दुसऱ्याचं सुरू होतं, काही वळणांवर पुन्हा पहिलं येतं. दोन्ही एकत्र फार क्वचित ऐकू येतात. गाण्यासाठी हे चांगलंच. पण विमानाच्या रेडिओत तसं झालं, तर जवळच्या विमानाच्या आवाजाखाली दूरच्या विमानाची हाक दबून जाईल आणि ती आली होती हेही कुणाला कळणार नाही. एएमची कर्कश शिट्टी निदान इशारा तरी देते.

फेज मॉड्युलेशन हे एफएमचं सख्खं भावंड आहे. फेज म्हणजे लहर आपल्या एका आवर्तनात नेमकी कुठवर आली आहे ते. फेज सरकण्याचा वेग बदलला की कंपनसंख्या बदलते, म्हणून बोलण्याचा आवाज पाठवताना दोघांत फरक जाणवणं कठीण. फेजचं खरं राज्य आकड्यांच्या जगात आहे. जीपीएसच्या १५७५.४२ मेगाहर्ट्झच्या लहरीवर मोबाइल वाचतो त्या नागरी संकेतात दर १५४० आवर्तनांनंतर एक निर्णय होतो: लहर तशीच चालू ठेवायची की उलटी करायची. तशी सेकंदाला १० लाख २३ हजार ठिकाणं येतात. उपग्रहाची लहर जमिनीवर पोचेपर्यंत आसपासच्या गोंगाटापेक्षाही दुबळी झालेली असते, पण उलटण्याचा क्रम मोबाइलला आधीच ठाऊक असल्यामुळे तो जुळवून ती शोधता येते.

वायफाय आणि मोबाइल इंटरनेटमध्ये तर फेज आणि उंची दोन्ही एकदम बदलतात. राउटरच्या जवळ लहरीच्या ६४ वेगवेगळ्या अवस्था ओळखू येतात आणि प्रत्येक अवस्थेत सहा बिट मावतात. भिंतीपलीकडे गेलं की त्या अवस्था गोंगाटात एकमेकींत मिसळू लागतात. मग यंत्र उंचीचे फरक सोडून देतं आणि फेजच्या फक्त चार अवस्थांवर येतं, दर अवस्थेला दोन बिट. जोड तुटत नाही, पण व्हिडिओ अडखळू लागतो.