अपडेट घ्या, पण आठवडाभर थांबून

२ ऑक्टोबर २०१८ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० ची १८०९ ही नवी आवृत्ती लोकांसाठी खुली केली आणि चारच दिवसांत मागे घेतली. अपडेट झाल्यावर काही जणांच्या Documents आणि Pictures मधल्या फाइली नाहीशा झाल्या होत्या. त्या रिसायकल बिनमध्येही सापडत नव्हत्या.

हे घडलं कसं, ते घरचा संगणक वापरणाऱ्यानं समजून घेण्यासारखं आहे. सी ड्राइव्ह भरत आला की बरेच जण Documents हा फोल्डर डी ड्राइव्हवर हलवतात. हलवताना विंडोज विचारतं, जुन्या फाइलीही तिकडे न्यायच्या का? ज्यांनी ‘नाही’ म्हटलं, त्यांच्या जुन्या फाइली सी ड्राइव्हवरच राहिल्या आणि नव्या डीवर साठू लागल्या. आधीच्या आवृत्तीत अशा लोकांकडे त्याच नावाचे रिकामे फोल्डर उगवत होते, म्हणून १८०९ मध्ये ते पुसून टाकण्याची सोय केली गेली. पण पुसण्याआधी फोल्डर खरंच रिकामा आहे का, हे पाहिलं गेलं नाही. मायक्रोसॉफ्टच्या म्हणण्यानुसार फटका बसलेल्यांचं प्रमाण दहा हजारांत एक होतं. ज्याच्या मुलांचे लहानपणापासूनचे फोटो गेले, त्याला या हिशोबाचा काय दिलासा!

या घटनेतली एक बाब मात्र फारशी सांगितली जात नाही. त्या पहिल्या चार दिवसांत १८०९ आपोआप कुणाकडे जात नव्हती. ज्यांनी स्वतः Settings उघडून Check for updates हे बटण दाबलं, त्यांनाच ती मिळत होती. आपोआप वाटप पुढच्या आठवड्यात सुरू व्हायचं होतं. म्हणजे आपोआप अपडेट चालू ठेवून गप्प बसलेला माणूस वाचला आणि ‘चला, नवीन काय आलंय बघू’ म्हणणारा सापडला. ‘अपडेट बंद ठेवलं की सुरक्षित’ असं या घटनेचा दाखला देऊन सांगणारे बरेच भेटतात. त्यांना ही अर्धी गोष्ट ठाऊक नसते.

आता दुसरी बाजू. विंडोजमधली एक गंभीर फट बुजवणारं अपडेट १४ मार्च २०१७ रोजी आलं होतं. त्याच फटीतून शिरणारा ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर विषाणू १२ मे रोजी पसरला. संगणकातल्या फाइली कुलूपबंद करून तो पैसे मागायचा. मधल्या ५९ दिवसांत ज्यांनी ते अपडेट बसवलं होतं, त्यांच्या संगणकात त्याला त्या फटीतून शिरता आलं नाही. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांना मात्र ठरलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या.

वॉनाक्रायसारखा विषाणू नेटवर्कमधून एका संगणकातून दुसऱ्यात आपणहून उडी मारतो. घरच्या वायफायचा राउटर अशा उड्या बऱ्याच अंशी अडवतो, त्यामुळे घरात तितकी घबराट नको. घरच्या संगणकाला धोका असतो तो ब्राउझरमधून, ईमेलनं आलेल्या फाइलीतून आणि कुणीतरी पेन ड्राइव्हवर दिलेल्या फुकट सॉफ्टवेअरमधून. शिवाय अपडेट प्रसिद्ध होणं ही हल्लेखोरांसाठीही बातमी असते. अपडेटच्या आधीच्या आणि नंतरच्या फाइली ताडून पाहिल्या की फट नेमकी कुठे होती, ते जाणकाराला कळतं. म्हणून न बसवलेलं अपडेट जितकं जुनं होईल, तितका धोका वाढतो. पहिल्या दिवशी तो थोडा असतो, दोन महिन्यांनी बराच. काही फटींचा गैरवापर मात्र अपडेट येण्याआधीच सुरू झालेला असतो. तशी बातमी ठळकपणे आली, तर थांबू नये.

एकीकडे फसलेलं अपडेट, दुसरीकडे उघडी फट. फसलेलं अपडेट बहुधा पहिल्या काही दिवसांतच उघडकीला येतं, कारण ते तोवर लाखो संगणकांवर बसलेलं असतं. उघड्या फटीचा धोका वाढायला त्याहून जास्त वेळ लागतो. या दोन वेगांतला फरक हाच आपल्या कामाचा. माझ्या मते घरच्या संगणकावर आपोआप अपडेट चालूच ठेवावं, फक्त महिन्याचं मुख्य अपडेट आठवडाभर उशिरा घ्यावं.

हे ताजं उदाहरण पाहा. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज ११ साठी KB5066835 हे मासिक अपडेट आलं. ते बसवल्यावर संगणक नेहमीसारखा चालत होता. पण तो सुरूच झाला नाही तर ज्या दुरुस्तीच्या पडद्यावर जायचं, तिथे यूएसबीचा कीबोर्ड आणि माउस चालेनासे झाले. आगीचा बंब आहे, पण नळी जोडता येत नाही, अशातली ही गत. मायक्रोसॉफ्टनं २० ऑक्टोबरला, आपल्याकडे ऐन दिवाळीत, घाईनं दुसरं अपडेट काढून हा दोष दूर केला. आठवडाभर थांबलेल्या घराला २१ तारखेला दुरुस्त झालेलंच अपडेट मिळालं.

थांबायचं कसं? मायक्रोसॉफ्टची मासिक अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. अमेरिकेत तेव्हा सकाळ असते आणि आपल्याकडे रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा, म्हणजे व्यवहारात आपला बुधवार. त्या मंगळवारी Settings मध्ये Windows Update उघडून Pause for 1 week निवडायचं. आठवडा संपला की अपडेट आपलं आपण सुरू होतं. विंडोज ११ च्या होम आवृत्तीत एका वेळी पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं. ती मुदत संपल्यावर साचलेली अपडेट घेतल्याशिवाय पुन्हा थांबवता येत नाही. पूर्ण बंद करण्याचं बटण या आवृत्तीत नाहीच. कुणी आतली सेवा बंद करून देतात, पण विंडोज ती बरेचदा पुन्हा चालू करतं, आणि नाही केली तर संगणक वर्षानुवर्षं उघडा पडतो.

त्याच पानावर Get the latest updates as soon as they're available असं एक बटण आहे. ते बंद ठेवावं, कारण चालू ठेवलं तर नवे बदल सर्वांच्या आधी आपल्यावर येतात. वर्षातून एकदा येणारी मोठी आवृत्ती तर आपणहून मागायला जाऊच नये. आपल्या पाळीची वाट पाहावी. दर महिन्याला मंगळवार लक्षात ठेवणं ज्यांच्यानं होणार नाही, त्यांनी थांबवण्याच्या भानगडीत न पडता सगळं आपोआपवर सोडलेलं बरं. विसरून महिनोन् महिने मागे राहण्यापेक्षा तो धोका लहान आहे.

आता डेटाचा खर्च. घरात केबलचं किंवा फायबरचं अमर्याद इंटरनेट असेल, तर हा भाग सोडून दिला तरी चालेल. पण अनेक घरांत लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतो. समजा, रोजचा दीड जीबीचा प्लॅन आहे, मुलीची ऑनलाइन शिकवणी संध्याकाळी सहाला आहे आणि महिन्याचं अपडेट ७०० एमबीचं आहे. दुपारी कुणी लॅपटॉप हॉटस्पॉटला जोडला, अपडेट उतरलं, वर दोन व्हिडिओ पाहून झाले, की शिकवणीआधीच कोटा संपतो. त्यानंतर अनेक प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. या वेगानं तेच ७०० एमबी उतरायला जवळजवळ २४ तास लागले असते. त्यात शिकवणी काय दिसणार?

यावर उपाय अपडेट बंद करणं नव्हे. तो हॉटस्पॉट जोडलेला असताना Network & internet मधून त्याच्या नावाच्या पानावर जावं आणि Metered connection चालू करावं. म्हणजे विंडोजला कळतं की इथे डेटा मोजून मिळतो. मग ते अगदी अत्यावश्यक तेवढंच उतरवतं आणि बाकीचं राखून ठेवतं. ही खूण त्या एका नेटवर्कपुरती असते. घरात दोन फोनचे हॉटस्पॉट वापरात असतील, तर दोन्हींवर करावी लागते. मात्र लॅपटॉप कायम अशाच जोडणीवर राहिला, तर मुख्य अपडेट कधीच उतरणार नाही. म्हणून महिन्यातून एकदा, तिसऱ्या आठवड्यात, रात्री झोपण्यापूर्वी त्या दिवसाचा उरलेला कोटा पाहून Windows Update च्या पानावर जावं आणि अडकून राहिलेलं अपडेट हातानं उतरवून घ्यावं. एखाद्या नातेवाइकाच्या वायफायवर रविवारी बसणं त्याहून स्वस्त.

घरात दोन संगणक असतील तर Advanced options मधलं Delivery Optimization पाहावं. तिथे Devices on my local network निवडलं, की एकानं उतरवलेलं अपडेट दुसरा त्याच्याकडून घेऊ शकतो. त्याखालचा, इंटरनेटवरच्या संगणकांचाही समावेश करणारा पर्याय मर्यादित डेटा असलेल्या घरात नको. त्यात आपला संगणक अनोळखी लोकांनाही अपडेटचे तुकडे पाठवतो, तेही आपल्या कोट्यातून.

एवढं करूनही अपडेट फसलं, तर ओळखावं कसं? प्रिंटर, आवाज किंवा वायफाय अचानक बंद पडलं, तर प्रथम Update history उघडून तारीख पाहावी. बिघाड आणि अपडेट एकाच दिवसाचे असतील, तर संशय रास्त आहे. त्याच पानावरच्या Uninstall updates मधून ते काढता येतं. काढल्यावर लगेच Pause दाबायला विसरू नये, नाहीतर तेच अपडेट पुन्हा येऊन बसतं. मोठ्या आवृत्तीला परत फिरवायचं असेल, तर Recovery मधलं Go back साधारण दहाच दिवस चालतं. पण १८०९ सारख्या प्रसंगी यातलं काहीही गेलेल्या फाइली परत आणत नाही. त्यासाठी फोटो आणि हिशोबाची एक प्रत एरवी काढून ठेवलेल्या बाहेरच्या हार्ड डिस्कवरच हवी.

संगणक सुरूच होत नसेल, तर दोन-तीनदा सुरू होताना मध्येच बंद केला की दुरुस्तीचा निळा पडदा येतो. तिथेही Uninstall Updates मिळतं. हल्लीचे बरेच लॅपटॉप मात्र आतला साठा कुलूपबंद करून येतात, आणि अशा वेळी ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागतात. जुलै २०२४ च्या मासिक अपडेटनंतर तर काही संगणक सुरू होतानाच ती मागू लागले होते. ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते. aka.ms/myrecoverykey या पत्त्यावर फोनवरून लॉगिन केलं की दिसते. ज्या ईमेलनं खातं उघडलं त्याचा पासवर्ड घरात कुणालाच आठवत नाही, असं फार घरांत असतं. म्हणून सगळं सुरळीत चालू असतानाच ती किल्ली कागदावर उतरवून घरच्या कागदपत्रांच्या फाइलीत ठेवावी. त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर ठेवलेली प्रत काही कामाची नाही.