एका बटणानं आवरलेली जुनी भिंत

माझ्या मावसबहिणीनं २०११ मध्ये फेसबुकवर खातं उघडलं, तेव्हा ती कॉलेजात होती. सहलीचे फोटो, परीक्षेवरचा वैताग, एका मैत्रिणीशी झालेला जाहीर वाद, सगळं तिनं ‘पब्लिक’ ठेवून टाकलं होतं. आता ती शाळेत शिकवते. पालक आपलं नाव शोधून पाहतात हे कळल्यावर तिला त्या जुन्या पोस्ट आठवल्या. एकेक पोस्ट उघडून बदलायची तर कित्येक रात्री गेल्या असत्या.

सेटिंग्जच्या शोधपेटीत past posts असं टाइप केलं, की Limit Past Posts हा पर्याय समोर येतो. तो दाबल्यावर Public किंवा Friends of friends असलेल्या आपल्या सगळ्या जुन्या पोस्टवर एकदम Friends असा शिक्का बसतो. ज्या आधीच Only me होत्या किंवा मोजक्याच लोकांसाठी होत्या, त्या तशाच राहतात. हा पर्याय प्रेक्षक फक्त कमी करतो, कोणतीच पोस्ट अधिक लोकांना खुली करत नाही.

आम्ही दोघींनी ते बटण दाबलं आणि मग View As मधून तिचं प्रोफाइल अनोळखी माणसाला कसं दिसतं ते पाहिलं. जुनी भिंत जवळजवळ रिकामी झाली होती. कव्हर फोटो मात्र दिसत होता, कारण सध्याचा कव्हर फोटो कायम सार्वजनिकच असतो.

खरी मेख ‘फ्रेंड्स’ या शब्दात आहे. २०११ च्या पोस्टला २०११ चे मित्र लागू होत नाहीत. पोस्ट कोणाला दाखवायची हे ती पाहिली जाते त्या क्षणी ठरतं, तेही आजच्या यादीवरून. यादीतून काढलेला वर्गमित्र त्या पोस्टपाशी पोचत नाही, पण गेल्या महिन्यात जोडलेल्या मुख्याध्यापिकाबाई सहलीचे फोटो आरामात पाहू शकतात. म्हणून त्या रात्री आमचा जास्त वेळ बटणापेक्षा मित्रयादी चाळण्यात गेला.

दुसरी गळती टॅगची. सहलीच्या फोटोत ज्या मैत्रिणीला टॅग केलं होतं तिला तो दिसत राहतो, आणि तिच्या मित्रांनाही दिसू शकतो. असे चार फोटो सापडले, त्यांतले टॅग बहिणीनं हातानं काढले. दुसऱ्यांच्या भिंतीवर तिनं लिहिलेलं या पर्यायाच्या कक्षेत येतच नाही, कारण ते कोणाला दिसावं हे त्या भिंतीचा मालक ठरवतो.

दाबण्याआधी थांबून एक विचार करायला हवा. हे एका फटक्यात उलटवता येत नाही. बहिणीनं रक्तदान शिबिराची एक पोस्ट मुद्दाम सगळ्यांसाठी ठेवली होती, तीही आत गेली. ती शोधून पुन्हा Public करावी लागली. आणि हा बदल फक्त मागच्या पोस्टपुरता असतो. पुढच्या पोस्ट कोणाला दिसणार ते वेगळ्या सेटिंगमध्ये ठरतं, आणि तिथं तिच्या खात्यात अजून Public च होतं.